नवं कर्ज पेलेल का? छोट्या कारखान्यासाठी डीएससीआर आणि व्याज कव्हरेजचं वर्षागणिक गणित

कर्जाच्या अर्जासोबत जो प्रोजेक्ट रिपोर्ट जातो, त्याच्या शेवटच्या पानावर सहसा एक ओळ असते: ‘सरासरी डीएससीआर २.२४’. बँकेचा अधिकारी ती ओळ बघतो, मालकही बघतो आणि दोघांचं समाधान होतं. पण हप्ता सरासरीनं भरता येत नाही. तो दर महिन्याला, त्या महिन्याच्या पैशातून भरावा लागतो. छोटे कारखाने अडचणीत येतात ते बहुतेक वेळा कर्जाच्या पहिल्या दोन वर्षांत. जुनं कर्ज अजून फिटलेलं नसतं आणि नवं मशीन पूर्ण क्षमतेनं चालू झालेलं नसतं, असा तो काळ. म्हणून डीएससीआर आणि व्याज कव्हरेज हे दोन्ही रेशो प्रत्येक वर्षासाठी वेगळे काढायचे आणि सगळ्यांत वाईट वर्षाकडे बघून निर्णय घ्यायचा. ते कसं, हे एका उदाहरणातून पाहू. सगळे आकडे लाखांत आहेत आणि एका दशांशापर्यंत पूर्णांकित केले आहेत.

## दोन रेशो, दोन वेगळे प्रश्न

व्याज कव्हरेज रेशो (आयसीआर) विचारतो की धंद्याची कमाई व्याजाच्या किती पट आहे.

```
आयसीआर = व्याज आणि कर यांच्याआधीचा नफा ÷ वर्षाचं एकूण व्याज
```

एकूण व्याज म्हणजे मुदत कर्जाचंही आणि सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, किंवा ओव्हरड्राफ्टचंही. यातला नफा घसारा वजा केल्यानंतरचा असतो.

डेट सर्व्हिस कव्हरेज रेशो (डीएससीआर) त्याच्या पुढे जातो. व्याज आणि मुद्दलाचा हप्ता असे दोन्ही भरायला रोकड पुरते का, हे तो सांगतो.

```
डीएससीआर = (करानंतरचा नफा + घसारा + मुदत कर्जाचं व्याज)
            ÷ (मुदत कर्जाचं व्याज + वर्षात फेडायचं मुद्दल)
```

घसारा परत मिळवायचा, कारण तो खर्च कागदावरचा असतो, पैसे बाहेर गेलेले नसतात. व्याज परत मिळवायचं, कारण ते खाली भाजकात मोजलेलंच आहे. एकदा नफ्यातून वजा आणि पुन्हा खाली, असं दोनदा मोजलं तर रेशो उगाच खाली येतो.

इथे एक बारकावा आहे. आयसीआर घसारा वजा करतो, म्हणजे मशीन झिजतंय आणि कधीतरी बदलावं लागणार आहे, हे तो मान्य करतो. डीएससीआर घसारा परत मिळवतो, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत जुन्या मशिनांवर मोठा खर्च होणारच नाही, असं तो गृहीत धरतो. कारखान्यातली निम्मी मशिनं जुनी असतील तर हे गृहीतक चुकीचं आहे. अशा वेळी दरवर्षीच्या मोठ्या दुरुस्तीचा किंवा बदलीचा अंदाजे खर्च वरच्या रकमेतून वजा करून मगच डीएससीआर काढावा.

बँका साधारणपणे कोणत्याही एका वर्षाचा डीएससीआर १.२ ते १.२५ च्या खाली आणि सरासरी १.५ च्या खाली जाऊ नये असं पाहतात. आयसीआर १.५ च्या आसपास असेल तर तो तोकडा, २ च्या वर ठीक आणि ३ च्या वर निवांत समजतात. प्रत्येक बँकेचा स्वतःचा उंबरठा असतो आणि व्याख्याही थोडी वेगळी असते, त्याबद्दल पुढे येईलच.

## पहिली पायरी: मागच्या वर्षाचा नफा स्वच्छ करणं

सुट्या भागांचं मशिनिंग करणारा एक छोटा कारखाना घेऊ. भागीदारी फर्म आहे. मागच्या वर्षी विक्री ४२०. कच्चा माल २५२, मजुरी ५८, वीज आणि टूल्स-कूलंटसारखा उपभोग्य माल २६, बाकी कारखाना आणि ऑफिस खर्च ३०. राहिले ५४. हा घसारा, व्याज आणि कर यांच्याआधीचा नफा. याला पुढे ‘कामकाजी नफा’ म्हणू. घसारा १२ आहे, म्हणजे व्याज-कराआधीचा नफा ४२.

कर्जं दोन आहेत. मुदत कर्जाची वर्षाच्या सुरुवातीची बाकी ६० होती, शेवटी ४५ राहिली. म्हणजे वर्षाला १५ मुद्दल जातं आणि १२ टक्क्यांनी व्याज ६.३ झालं. सीसीचा सरासरी वापर ७५, त्याचं व्याज ९. एकूण व्याज १५.३. करपूर्व नफा २६.७, कर २५ टक्के धरला तर ६.७, म्हणून करानंतरचा नफा २०.

सीएंनी दिलेल्या पत्रकात मात्र करानंतरचा नफा २३ दिसतोय. फरक कशाचा? त्या वर्षी एक जुनं लेथ विकलं, त्यात ४ चा नफा झाला आणि तो ‘इतर उत्पन्ना’त बसला आहे. लेथ दरवर्षी विकता येत नाही. तेव्हा ते ४ आणि त्यावरचा कर काढून टाकायचा. न काढल्यास डीएससीआर १.९४ येतो, काढल्यावर:

(२० + १२ + ६.३) ÷ (६.३ + १५) = ३८.३ ÷ २१.३ = १.८०

आयसीआर ४२ ÷ १५.३ = २.७५. दोन्ही चांगले दिसतात.

नफा स्वच्छ करताना आणखी तीन जागा न चुकता तपासाव्यात. पहिली, शेवटचा स्टॉक. वर्षअखेरीचा स्टॉक ५ ने जास्त दाखवला की नफा तेवढाच वाढतो, पण बँकेत एक पैसा येत नाही. विक्री साधारण तेवढीच आणि स्टॉक मात्र दरवर्षी फुगत चाललाय, असं दिसलं तर त्या नफ्यावर विश्वास ठेवू नये. दुसरी, येणी. सहा महिन्यांपेक्षा जुनी उधारी विक्रीत धरलेली असते, पण तिच्यातून हप्ता भरता येत नाही. तिसरी जागा सहज निसटते. जागा मालकाच्या कुटुंबाची असेल तर भाडं लागलेलं नसतं. घरातला माणूस स्टोअर सांभाळत असेल तर त्याचा पगार खर्चात नसतो. पुढे हे खर्च सुरू होण्याची शक्यता असेल तर आजच धरावेत.

सीसीच्या व्याजासाठी ताळेबंदातली वर्षअखेरीची बाकी घेऊ नये. वर्षअखेरीला वसुली ओढून बाकी खाली आणलेली असते. बँक स्टेटमेंटवरून बारा महिन्यांची सरासरी काढावी, नाहीतर प्रत्यक्ष लागलेलं व्याज घ्यावं.

## दुसरी पायरी: मालकाची उचल

इथे बहुतेक प्रोजेक्ट रिपोर्ट गप्प बसतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत मालकाचा पगार खर्चात असतो, म्हणून नफा त्यानंतरचा असतो. मालकी किंवा भागीदारी फर्ममध्ये मात्र घरखर्चासाठी काढलेले पैसे भांडवल खात्यातून जातात. नफा-तोटा पत्रकाला त्याचा पत्ताच नसतो. सारखाच धंदा करणाऱ्या दोन कारखान्यांचे डीएससीआर केवळ यामुळे वेगळे दिसू शकतात.

आपल्या फर्ममधले भागीदार मिळून वर्षाला १२ काढतात. घर चालायलाच हवं, म्हणून ही उचल हप्त्याच्या आधी जाते, हे प्रामाणिकपणे मान्य करून गणित करू:

(३८.३ − १२) ÷ २१.३ = २६.३ ÷ २१.३ = १.२३

कागदावर १.८०, प्रत्यक्षात १.२३. नवं कर्ज घेण्याआधीच पेलण्याची ताकद एवढीच उरली आहे. उचल वजा न करता काढलेल्याला पुढे ‘कागदी’ आणि वजा करून काढलेल्याला ‘खरा’ डीएससीआर म्हणू. बँकेला कागदी दाखवावा लागतो, कारण तिचा तक्ता तसा असतो. निर्णय मात्र खऱ्यावर घ्यायचा.

## तिसरी पायरी: नवं कर्ज आणि नवी कमाई, वर्षागणिक

नवं सीएनसी मशीन बसवून, जोडून १०० ला पडतं. स्वतःचे २५, कर्ज ७५. व्याज १२ टक्के, पहिले सहा महिने फक्त व्याज, त्यानंतर ६० महिने समान मुद्दल, म्हणजे महिन्याला १.२५.

मशीन पूर्ण चालल्यावर वर्षाला १२० ची जादा विक्री होईल असा अंदाज आहे. पण पहिल्याच दिवसापासून १२० धरणं ही सर्वांत नेहमीची चूक. मशीन येणं, पाया, ट्रायल, ग्राहकाकडून नमुना मंजूर होणं आणि ऑपरेटरचा हात बसणं यांत महिने जातात. म्हणून पहिल्या वर्षी ६०, दुसऱ्या वर्षी १००, तिसऱ्यापासून १२० धरू. माल विक्रीच्या ६० टक्के. मजुरी मात्र विक्रीच्या प्रमाणात वाढत नाही. ऑपरेटर पहिल्या दिवसापासून लागतो, म्हणून ती ८, ९, ९. वीज आणि उपभोग्य माल ४, ७, ८. बाकी खर्च दरवर्षी ३. जादा कामकाजी नफा येतो ९, २१ आणि २८. जुन्या धंद्याचा कामकाजी नफा ५४ वरच ठेवू. त्यात वाढ धरून नव्या मशीनची उणीव झाकायची नाही. नव्या मशीनचा घसारा वर्षाला १०, जुन्याचा १२.

आता खेळतं भांडवल. विक्री वाढली की स्टॉक वाढतो, येणी वाढतात. स्टॉक ४५ दिवस, येणी ६० दिवस आणि पुरवठादाराकडून उधारी ३० दिवस असेल, तर खर्च केलेला पैसा ७५ दिवस अडकून राहतो. १२० विक्रीमागे रोख खर्च ९२ आहे. ९२ × ७५ ÷ ३६५ = जवळपास १९. यातला तीन चतुर्थांश भाग सीसी देईल असं धरलं, तरी बाकीचा स्वतःच्या कमाईतून जातो: पहिल्या वर्षी २.६, दुसऱ्या वर्षी आणखी १.४, तिसऱ्या वर्षी ०.७. सीसीचं व्याजही ९ वरून १०, १०.४ आणि १०.७ होतं. मशीनचं कर्ज मंजूर झालं आणि सीसीची मर्यादा वाढवून घ्यायची राहिली, तर हे सगळे १९ हप्त्याच्या पैशातून जातात. चांगलं मशीन आणि भरपूर ऑर्डर असूनही हप्ता थकतो, तो बऱ्याचदा यामुळे.

सगळं एकत्र मांडलं की असं दिसतं:

| | वर्ष १ | वर्ष २ | वर्ष ३ |
|---|---|---|---|
| कामकाजी नफा | ६३ | ७५ | ८२ |
| घसारा | २२ | २२ | २२ |
| व्याज-कराआधीचा नफा | ४१ | ५३ | ६० |
| मुदत कर्जांचं व्याज | १३.३ | ९.९ | ६.३ |
| सीसीचं व्याज | १०.० | १०.४ | १०.७ |
| कर | ४.४ | ८.२ | १०.८ |
| करानंतरचा नफा | १३.३ | २४.५ | ३२.२ |
| हप्त्यासाठी रोकड | ४८.६ | ५६.४ | ६०.५ |
| मुद्दल (जुनं + नवं) | २२.५ | ३०.० | ३०.० |
| व्याजासह एकूण देणं | ३५.८ | ३९.९ | ३६.३ |
| आयसीआर | १.७६ | २.६१ | ३.५३ |
| कागदी डीएससीआर | १.३६ | १.४१ | १.६७ |

जुनं कर्ज तिसऱ्या वर्षाअखेर संपतं. त्यामुळे चौथ्या वर्षी कागदी डीएससीआर एकदम ३.२२ आणि पाचव्या वर्षी ३.५४ होतो. पाच वर्षांची सरासरी २.२४. वर उल्लेख केलेली ओळ अशी तयार होते. शेवटची दोन सुखाची वर्षं पहिल्या दोन अडचणीच्या वर्षांवर पांघरूण घालतात.

आता खरा डीएससीआर. रोकडीतून १२ ची उचल आणि खेळत्या भांडवलातला स्वतःचा हिस्सा वजा करू:

वर्ष १: (४८.६ − १२ − २.६) ÷ ३५.८ = ३४ ÷ ३५.८ = ०.९५
वर्ष २: (५६.४ − १२ − १.४) ÷ ३९.९ = ४३ ÷ ३९.९ = १.०८
वर्ष ३: (६०.५ − १२ − ०.७) ÷ ३६.३ = ४७.८ ÷ ३६.३ = १.३२

पहिल्या वर्षी, सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी, १.८ कमी पडतात. बँकेच्या तक्त्यात मात्र ते वर्ष १.३६ नं पास आहे.

## व्याख्येचा घोळ

एकाच कारखान्याचा दुसऱ्या वर्षाचा डीएससीआर एक बँक १.४१ सांगेल आणि दुसरी १.३३. दुसरी बँक सीसीचं व्याजही वर-खाली दोन्हीकडे धरते: (५६.४ + १०.४) ÷ (३९.९ + १०.४) = ६६.८ ÷ ५०.३ = १.३३. कोणाचं चुकलेलं नाही. पण रेशो १ च्या वर असेल तर दोन्ही बाजूंना सारखी रक्कम मिळवल्यावर तो नेहमी १ कडे सरकतो. त्यामुळे एका व्याख्येनं काढलेला आकडा दुसऱ्या बँकेच्या उंबरठ्याशी ताडू नये. मंजुरीपत्रात ‘किमान डीएससीआर राखावा’ अशी अट असेल तर त्यासाठीचं सूत्र लेखी मागून घ्यावं. कोणतं व्याज, कोणता नफा, उचल वजा करायची की नाही आणि लीजची भाडी देण्यात धरायची की खर्चात, एवढं त्यात स्पष्ट असावं.

मुद्दलाच्या बाबतीतही एक चूक सतत होते. हप्ता ईएमआय पद्धतीचा असेल तर सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त आणि मुद्दल कमी असतं. काही जण ईएमआयची बारा पट रक्कम ‘मुद्दल’ म्हणून घेतात आणि त्यावर व्याज पुन्हा मिळवतात, त्यामुळे रेशो विनाकारण पडतो. बँकेकडून परतफेडीचं पूर्ण वेळापत्रक घ्यावं आणि मुद्दल-व्याज तिथूनच उचलावं.

## चौथी पायरी: ताण देऊन बघणं

ताण द्यायचा तर ‘विक्री १० टक्के कमी’ असं मोघम धरू नये. त्या कारखान्यात खरोखर काय बिघडू शकतं, ते एकेक करून घालून बघावं. आपल्या उदाहरणात तीन गोष्टी संभवतात.

मशीन उशिरा सुरू होणं. पहिल्या वर्षी जादा कामकाजी नफा शून्य धरू. व्याज आणि सहा महिन्यांनंतरचे हप्ते मात्र चालूच राहतात. आयसीआर १.४३, कागदी डीएससीआर १.१९, खरा डीएससीआर ३०.६ ÷ ३५.८ = ०.८५. तूट ५.२.

कच्चा माल ५ टक्के महागणं आणि ग्राहकानं दर वाढवून न देणं. दुसऱ्या वर्षी एकूण माल ३१२ चा, म्हणजे १५.६ चा फटका. कर वाचल्यामुळे रोकडीतली घट ११.७. कागदी डीएससीआर १.१२ आणि आयसीआर १.८४. खरा डीएससीआर ३१.३ ÷ ३९.९ = ०.७८. तूट ८.६.

व्याजदर १ टक्का वाढणं. दुसऱ्या वर्षी सगळ्या कर्जांवर मिळून जादा बोजा सुमारे १.७.

लोक अर्धा टक्का व्याज कमी करून घेण्यासाठी बँका फिरतात, पण मालाच्या दराचा धक्का व्याजाच्या धक्क्याच्या नऊ पट आहे. मालखर्च विक्रीच्या ६० टक्के असणाऱ्या धंद्यात हे असंच असणार. अशा कारखान्यानं कर्जाचा दर ठरवण्याआधी ग्राहकाशी मालाच्या किमतीला जोडलेल्या दरवाढीचं बोलणं करावं. तसं कलम ऑर्डरमध्ये असेल तर हा ताण गणितातून जवळजवळ निघूनच जातो.

दोन रेशोंची जोडी इथे उपयोगी पडते. मालाच्या धक्क्यात आयसीआर १.८४ आहे, म्हणजे व्याज भरण्यापुरती कमाई शाबूत आहे. धंदा तोट्यात नाही, मुद्दल परत करण्याचा वेग त्याला झेपत नाही. असं चित्र असेल तर मुदत वाढवून प्रश्न सुटू शकतो. पण आयसीआरच १.२ किंवा त्याखाली येत असेल तर मुदत कितीही वाढवली तरी उपयोग नाही. तिथे कर्जच जास्त आहे किंवा नफाच तोकडा आहे.

## पाचवी पायरी: कर्जाची घडण बदलणं

तूट दिसली म्हणून लगेच नकार द्यायची गरज नाही. तूट का येते ते आधी बघावं. आपल्या उदाहरणात मशीन दहा वर्षं चालेल असं धरून घसारा लावलाय आणि कर्ज मात्र साडेपाच वर्षांत फेडायचंय. वर्षाला घसारा १०, मुद्दल १५. वरचे ५ दरवर्षी नफ्यातून काढावे लागतात, आणि तेही जुन्या कर्जाचे १५ चालू असताना.

म्हणून बँकेकडे एक वर्ष फक्त व्याज आणि त्यानंतर सहा वर्षं मुद्दल अशी रचना मागू. मुद्दल वर्षाला १२.५. गणित पुन्हा केलं की:

वर्ष १: देणं २८.५, कागदी डीएससीआर १.७१, खरा ३४ ÷ २८.५ = १.१९
वर्ष २: देणं ३८.५, कागदी १.४७, खरा ४३.३ ÷ ३८.५ = १.१३
वर्ष ३: देणं ३५.२, कागदी १.७३, खरा १.३७

मशीन वर्षभर उशिरा सुरू झालं तरी पहिल्या वर्षीचा खरा डीएससीआर १.०७ राहतो, म्हणजे तो धोका झेलला जातो. किंमत मोजावी लागतेच: नव्या कर्जाचं एकूण व्याज २७ वरून ३६ होतं. आणि आयसीआर सुधारत नाही, उलट दुसऱ्या वर्षी २.६१ वरून २.४८ वर उतरतो, कारण मुद्दल हळू फिटतं म्हणून व्याज जास्त बसतं. मुदत ताणली की डीएससीआर चढतो आणि आयसीआर उतरतो. दोन्ही एकत्र पाहिले की मुदत किती ताणायची याला आपोआप लगाम बसतो.

दुसऱ्या वर्षी १.१३ म्हणजे नेमकं किती अंतर? शिल्लक जवळपास ४.८. कर धरून पाहिलं तर कामकाजी नफा ६.४ नं घसरला की रेशो १ वर येतो. त्या वर्षाची विक्री ५२० आहे. म्हणजे विक्रीवरचा नफा फक्त सव्वा टक्क्यानं घसरायचा अवकाश. रेशोचं असं भाषांतर मालकासमोर ठेवावं. त्याला १.१३ म्हणजे काय ते जाणवत नाही, पण सव्वा टक्का म्हणजे काय ते लगेच कळतं.

## कर्ज किती घ्यावं, हे उलटं काढणं

दुसरा रस्ता म्हणजे रकमेवर मर्यादा घालणं. उचल आणि खेळतं भांडवल वजा केल्यावर आपण १.२५ पेक्षा खाली जायचं नाही असं ठरवू. सगळ्यांत घट्ट वर्ष निवडायचं. मूळ रचनेत पहिलं वर्ष हप्त्यांच्या सवलतीमुळे आणि अर्धवट उत्पादनामुळे विचित्र असतं, म्हणून पूर्ण हप्त्याचं पहिलं वर्ष, म्हणजे दुसरं वर्ष घेऊ.

हप्त्यासाठी खरी रोकड ४३. ती १.२५ नं भागली की ३४.४. हे त्या वर्षी झेपणारं जास्तीत जास्त देणं. त्यातून जुन्या कर्जाचे १७.७ (मुद्दल १५, व्याज २.७) गेले की नव्यासाठी १६.७ उरतात. ७५ च्या कर्जाचं त्या वर्षीचं देणं २२.२ आहे. तेव्हा ७५ × १६.७ ÷ २२.२ = साधारण ५६.

५६ चं कर्ज घ्यायचं तर मशीनसाठी स्वतःचे ४४ घालावे लागतील, किंवा स्वस्त मशीन निवडावं लागेल, किंवा वापरलेलं पण चांगलं मशीन बघावं लागेल. घरचे ४४ काढताना एक सावधानता: ते सीसी खात्यातून काढायचे नाहीत. खेळतं भांडवल मशीनमध्ये अडकलं की दुसऱ्याच महिन्यात माल घ्यायला पैसे राहत नाहीत. पहिल्या वर्षी जिथे कमी पडतं ती रक्कमही हातात वेगळी ठेवावी लागेल. ५६ धरल्यानं दुसरं वर्ष सुधारतं. पहिल्या वर्षातला उशिराचा धोका मात्र त्यामुळे पूर्ण जात नाही.

## महिन्याचा तक्ता

वार्षिक रेशो १.२ असूनही एखाद्या महिन्यात खातं कोरडं पडू शकतं. मोठा ग्राहक ६० ऐवजी ९० दिवसांनी पैसे देतो, त्याच महिन्यात आगाऊ कर भरायचा असतो, बोनस द्यायचा असतो. म्हणून पहिल्या अठरा महिन्यांचा साधा रोकड तक्ता करावा: सुरुवातीची शिल्लक, प्रत्यक्ष येणारी वसुली (बिलाची तारीख नव्हे, पैसे येण्याची तारीख), मालाची देणी, पगार, वीज, कर, उचल, हप्ता, शेवटची शिल्लक. सीसीची मर्यादा संपून शिल्लक उणे जाणारे महिने लाल करावेत. असे दोन महिने सलग आले तर कर्ज वितरित होण्याआधीच हप्त्याची तारीख किंवा सवलतीची मुदत बदलून घ्यावी. वितरणानंतर तीच मागणी पुनर्रचनेत मोडू शकते आणि तिचा परिणाम पतइतिहासावर होतो.

आपल्या उदाहरणात लांब मुदतीची रचना निवडली, तर पहिल्या वर्षी सगळं ठरल्याप्रमाणे झाल्यास ५.५ शिल्लक राहतात. दुसऱ्या वर्षी मालाचा धक्का बसला तर तूट ६.९ ची आहे. म्हणजे पहिल्या वर्षीचे ५.५ मुदत ठेवीत वेगळे टाकायचे, त्यांतून नवीन गाडी किंवा दुसरं मशीन घ्यायचं नाही, आणि भागीदारांनी दुसऱ्या वर्षी उचल १२ वरून साडेदहावर आणायची तयारी आजच ठेवायची. या दोन गोष्टी मान्य असतील तर ७५ चं कर्ज पेलतं. मान्य नसतील तर ५६ वर थांबावं, किंवा जुनं कर्ज आणखी एक वर्ष उतरू द्यावं आणि मग अर्ज करावा.